‘एन्टायर टीम’ म्हणजे नेमकं कोण?

मित्रांनो, आधीच सांगते, माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे खड्डे लागले, तर ते चुकवून पुढे जा. पण या लेखाचा विषय माझ्या इंग्रजीचा आहे. त्याच इंग्रजीने मला गेल्या उन्हाळ्यात तोंडघशी पाडलं.

समर ट्रेनिंगसाठी मी आपल्याच जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावर होते. कंपनी लहान, त्यामुळे तिचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. काम सहा किलोमीटरचं. सात मीटर रुंद रस्त्यावर चाळीस मिलिमीटर जाडीचा डांबरी थर टाकायचा होता. कागदावर हे काम अगदी साधं वाटतं. पण डांबराचं काम पावसात करता येत नाही, आणि आपल्याकडे सात जूनच्या सुमारास मृग लागतो. त्यामुळे खरी डेडलाइन कंपनीने नाही, पंचांगाने दिलेली होती. सत्तावीस मेला काम सुरू झालं. मधले दोन दिवस वाया गेले, त्यातला एक प्लांट बंद पडला म्हणून आणि एक वळवाच्या पावसामुळे. तरीही पाच जूनच्या संध्याकाळी शेवटच्या मीटरवरून रोलर फिरला आणि काम वेळेत संपलं.

दुसऱ्या दिवशी साइट मॅनेजर सरांनी मला कंटेनरच्या ऑफिसात बोलावलं. म्हणाले, “तू कॉन्व्हेंटची ना? इंग्लिश चांगलं आहे तुझं. टीमला थँक्सचा मेल टाकायचा आहे. हेड ऑफिसलाही कॉपी जाईल. ड्राफ्ट कर.”

दहा मिनिटांत मी ड्राफ्ट तयार केला. काय भारी लिहिला होता, म्हणून सांगू! ‘एन्टायर टीम’चे आभार, ‘टायरलेस एफर्ट्स’, ‘डेडिकेशन’, ‘बियॉन्ड द कॉल ऑफ ड्यूटी’. सरांनी तो एकदा वाचला, मग परत वाचला आणि शांतपणे विचारलं, “यात रस्ता कुठे आहे?”

मला कळलंच नाही. ते म्हणाले, “हाच मेल उद्या कुणी मंगल कार्यालय वेळेत बांधलं तरी चालेल. गॅदरिंग चांगलं झालं तरी चालेल. डांबर नाही, तापमान नाही, माणूस नाही. हा मेल वाचून हेड ऑफिसला काय कळेल? आपण खूश आहोत, एवढंच ना?”

मग त्यांनी खिशातली डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. रोज संध्याकाळी दोन-चार ओळी, त्याही पेन्सिलने. ‘आज ५१० टन. दोन गाड्या परत. सकाळी बर्नर ४० मिनिटं बंद.’ म्हणाले, “यातून लिही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात. अडचण काय होती, त्याने काय केलं आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. तिसरी गोष्ट लिहिता आली नाही, तर समज की तुला ते काम कळलेलं नाही. मग त्या माणसाला जाऊन विचार.”

आणि मी विचारायला निघाले. सांगते ते ऐका, महिनाभराच्या ट्रेनिंगमध्ये मी जेवढं शिकले नव्हते, तेवढं त्या एका दिवसात शिकले.

आधी गेले प्लांट ऑपरेटर काकांकडे. तीस मेला प्लांट बंद पडला होता हे मला माहीत होतं. का बंद पडला, ते माहीत नव्हतं. हॉट मिक्स प्लांटमध्ये गिट्टी आधी एका फिरत्या ड्रममध्ये तापवतात. ड्रमच्या तोंडाशी बर्नर असतो. बर्नरची ज्योत धडपणे लागली नाही, तर गिट्टी नीट तापत नाही आणि तिच्यातली ओल जात नाही. अशा गिट्टीला डांबर धरत नाही, ते वरवर लागतं. काका म्हणाले, “मालाकडे पाह्यलं की समजते. चांगला माल काळाभोर चमकते. हा मळकट दिसत होता, मधी मधी गिट्टी उघडी.” त्यांनी माल थांबवला. कारण शोधता शोधता समजलं की बर्नरच्या इंधनाचा फिल्टर गाळाने तुंबला होता. फिटरला घेऊन त्यांनी रात्री पूर्ण लाइन उघडून साफ केली आणि सकाळी सहाला प्लांट परत सुरू झाला.

मग लॅबवाल्या काकांकडे गेले. ‘लॅबवाले’ म्हणजे कुणी डिग्रीवाले नव्हेत, टेस्टिंगला मदतनीस म्हणून रोजावर असलेले. त्यांच्या हातात एक लांब दांडीचा थर्मामीटर. प्लांट साइटपासून अठरा किलोमीटरवर होता. गाडी आली की मागच्या मालात थर्मामीटर खुपसायचा आणि आकडा वहीत लिहायचा. माल साइटवर पोचताना निदान १४० अंश सेल्सिअस असला पाहिजे, असं आमच्याकडे ठरलेलं होतं. एक जूनला दोन गाड्या १२० च्या आतबाहेर आल्या. एकीची ताडपत्री फाटलेली होती आणि दुसरी फाटकात अडकून पडली होती. काकांनी दोन्ही परत पाठवल्या. त्या वेळी त्यांच्यावर काय आरडाओरडा झाला, ते मी स्वतः ऐकलं होतं. तीस टन माल वाया! सुपरवायझर म्हणत होता, “थोडा थंड आहे, रोलर जास्त फिरवू.”

पण रोलर जास्त फिरवून भागत नाही. गरम असताना डांबर पातळ असतं, म्हणून रोलरच्या वजनाखाली गिट्टीचे खडे सरकतात आणि एकमेकांत घट्ट बसतात. तापमान नव्वद अंशांच्या आसपास उतरलं की डांबर खडे धरून ठेवतं, सरकू देत नाही. मग वरून कितीही रोलर फिरवा, आत पोकळ्या राहतातच, आणि वर उलट गिट्टी फुटते. असा थर त्या दिवशी अगदी छान काळा दिसतो. पण पहिल्याच पावसाळ्यात पोकळ्यांत पाणी शिरतं, वाहनांच्या चाकाखाली गिट्टी सुटायला लागते आणि दिवाळीपर्यंत खड्डा तयार. पाणी काढून टाकता येतं, पण थंड झाल्यावर रोल केलेला थर दुरुस्त करता येत नाही, तो उखडावाच लागतो.

असं सगळं विचारून मी दुसरा ड्राफ्ट तयार केला. सरांनी त्यात स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं, आणि सहा जूनला संध्याकाळी मेल गेला. तो इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा होता:

“विषय: सहा किलोमीटर डांबरी थर ५ जूनला पूर्ण, कोणी काय केलं.

सर्वांना नमस्कार. दहा दिवसांत सुमारे चार हजार टन माल टाकून आपण काम मृगाच्या आधी संपवलं. त्यातले दोन दिवस आपल्या हातात नव्हते. उरलेल्या आठ दिवसांत हे कसं झालं, ते नोंदवून ठेवतो.

प्लांट ऑपरेटर यांनी ३० मेला मालाचा रंग पाहून बर्नरचा दोष ओळखला आणि स्वतः प्लांट थांबवला. फिटर यांच्यासोबत रात्रीत इंधनाची लाइन साफ केली. ते थांबले नसते, तर कच्चा माल रस्त्यावर गेला असता. फिल्टर ठरल्या तारखेला साफ झाला नव्हता, आणि ती चूक माझ्या नियोजनातली आहे.

लॅब मदतनीस यांनी १ जूनला दोन थंड गाड्या परत केल्या. त्या दिवशी त्यांच्यावर दबाव आला, तरी ते बधले नाहीत. त्या भागातून काढलेल्या कोअरची घनता आज पास झाली आहे.

रोलर ऑपरेटर यांनी दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळच्या वाऱ्यात रोलर किती मागे ठेवायचा, ते रोज जुळवून घेतलं. एकाही जोडावर उंचवटा राहिला नाही.

गावातल्या दोन ताईंनी आठही दिवस झेंडे धरून एका बाजूने वाहतूक चालवली. पेव्हर वाहनांमुळे एकदाही थांबला नाही.”

प्रत्येक हुद्द्यापुढे खऱ्या मेलमध्ये पूर्ण नाव होतं, इथे मी ते मुद्दाम दिलं नाही. बर्नरच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य सरांनी घातलेलं. मी म्हटलं, “सर, अभिनंदनाच्या मेलमध्ये चूक कशाला?” ते म्हणाले, “फिल्टर वेळेवर साफ झाला असता, तर रात्रीचं जागरणच पडलं नसतं. जागरणाचं कौतुक केलं आणि फिल्टरचं लपवलं, तर पुढच्या साइटवर सगळे जागरणच करतील. फिल्टर कुणी साफ करणार नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

आता यातली अडचण तुमच्या लक्षात आली का? ज्यांची नावं आली, त्यांच्यापैकी निम्म्यांकडे ईमेल पत्ताच नव्हता. लॅबवाले काका रोजावर, झेंडेवाल्या ताई गावातल्या. सरांनी मेलची प्रिंट काढली, खाली सही-शिक्का मारला आणि सात जूनला सकाळी प्लांटवर सगळ्यांना उभं करून तो मराठीत वाचून दाखवला. लॅबवाल्या काकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, याची एक कापी मले भेटन का? दुसऱ्या कंपनीत दाखवाले कामी येईन.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला नोकरीच्या वेळी मार्कशीट असते, सर्टिफिकेट असतं. रोजावर राबणाऱ्या माणसाकडे तो काय शिकला याचा कागदच नसतो. ‘एन्टायर टीम’चे आभार मानणाऱ्या माझ्या पहिल्या ड्राफ्टची प्रिंट त्यांच्या काय कामाची होती? या मेलवर मात्र त्यांचं नाव होतं, तारीख होती, केलेलं काम होतं आणि सही होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता माझी चूक सांगते.

मेल वाचून झाल्यावर लोक पांगले. टिप्पर सोडणारे, गाड्यांचा हिशेब ठेवणारे एक काका तिथेच प्लांटच्या काट्याजवळ उभे होते. रोज सकाळी मला “चाय घेतली का वं पोरी?” म्हणून विचारणारे. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, कामात असतील. दुपारी एका ड्रायव्हरने सहज सांगितलं, तेव्हा गोष्ट समजली.

३१ मेच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, हे डायरीत होतं. ‘पाऊस, काम बंद, नुकसान नाही,’ इतकंच. नुकसान का झालं नाही, ते डायरीत नव्हतं. झालं असं की हे काका त्या वेळी रिकाम्या गाडीसोबत प्लांटकडे येत होते. साइटच्या पलीकडे आभाळ भरून आलेलं त्यांना वाटेतच दिसलं. साइटवर तेव्हा ऊन होतं, प्लांटवरही ऊन होतं. त्यांनी वाटेतूनच प्लांटला फोन करून गाड्या भरणं थांबवायला लावलं. त्या वेळी रस्त्यात फक्त दोनच गाड्या होत्या, त्याही ताडपत्री बांधलेल्या, आणि त्यांचा माल पाऊस पडायच्या आत खपला. त्यांनी फोन केला नसता, तर आणखी पाच-सहा गाड्या भरून निघाल्या असत्या. प्रत्येकीत पंधरा टन धरले, तर सत्तर-ऐंशी-नव्वद टन माल गाडीतच थिजला असता. आणि थिजलेला माल गाडीतून काढायचा म्हणजे सब्बल घेऊन फोडावा लागतो, दुसऱ्या दिवशीच्या गाड्याही त्यातच अडकल्या असत्या.

मी धावत त्यांच्याकडे गेले आणि माफी मागितली. ते हसले. म्हणाले, “अवं, काही झालंच नाही तं तू लिहिणार काय?”

हे वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आणि याच एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बंद पडलेलं यंत्र सुरू करणारा सगळ्यांना दिसतो. परत गेलेल्या गाड्या वहीत दिसतात. पण ज्याने संकट येऊच दिलं नाही, त्याच्या कामाची खूण कुठेच राहत नाही. डायरी ही बिघडलेल्या गोष्टींची असते. त्यामुळे फक्त डायरीवरून नावं काढली, तर कौतुकाच्या यादीतून सगळ्यात शहाणा माणूसच नेमका गळतो. मला डायरी मिळाली आणि मी खूश झाले. तिच्या बाहेरचा एक प्रश्न विचारायला मी विसरले: या दहा दिवसांत काय होऊ शकलं असतं पण झालं नाही, आणि ते कुणामुळे?

मी सरांना सांगितलं. म्हटलं, चूक माझी, तसं लिहा. त्यांनी त्याच सगळ्यांना दुसरा मेल टाकला: “कालच्या मेलमध्ये एक मोठं नाव राहिलं. चूक माझी.” आणि खाली त्या फोनची गोष्ट, वेळेसकट. तोही वाचून दाखवला, त्याचीही प्रिंट दिली. दुसऱ्या दिवशी चहाची विचारणा परत सुरू झाली. पण खरं सांगू? सगळ्यांसमोर पहिल्यांदा नावं वाचली गेली, तेव्हा ते तिथे उभे होते. ती सकाळ काही दुसऱ्या मेलने परत येत नाही.

आता आमच्या सहा किलोमीटरवरून थोडं पुढे, पश्चिमेला जाऊ. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर २०२२ च्या जूनमध्ये एक विक्रम झाला, तो तुम्हाला आठवत असेल. आपल्या विदर्भातली गोष्ट आहे, म्हणून इथे घेते. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं. म्हणजे १०५ तास ३३ मिनिटं. एवढ्या वेळात ७५ किलोमीटरची एक लेन अखंड टाकली गेली. आधीचा विक्रम कतारमधला, २०१९ चा, सव्वापंचवीस किलोमीटरचा होता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने हे काम केलं. सरकारी माहितीप्रमाणे त्याला ३६,६३४ टन मिश्रण लागलं आणि ७२० माणसं रात्रंदिवस राबली. गिनेस बुकात नोंद झाली आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी जाहीर अभिनंदन केलं.

बातमी वाचून आपण ‘वा!’ म्हणतो आणि पान उलटतो. पण आता कॅल्क्युलेटर घ्या. ३६,६३४ टनांना १०५.५५ तासांनी भागलं, तर तासाला साधारण ३४७ टन येतात. एका टिप्परमध्ये वीस टन धरले, तर दिवस असो की रात्र, दर साडेतीन मिनिटांनी एक भरलेली गाडी रिकामी झाली पाहिजे, तीही सलग साडेचार दिवस. थर तासाला सातशे मीटरच्या वेगाने पुढे सरकत होता. आमच्याकडे एखादी गाडी दहा मिनिटं उशिरा आली, तर पेव्हर थांबायचा. पेव्हर थांबला की त्याच्या पाठीमागचा माल थंड व्हायला लागतो, आणि रोलर पेव्हरला अगदी चिकटून जाऊ शकत नाही. त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात उंचवटा राहतो. गाडीतून जाताना पोटात जो ‘धप्प’ बसतो ना, तो बऱ्याचदा कुणाच्या तरी उशिरा आलेल्या टिप्परचा असतो. आणि इथे तर अट अखंड कामाची होती.

आता विचार करा, साडेतीन मिनिटांना एक गाडी, हे गणित पंच्याहत्तर किलोमीटरवर कोण सांभाळत असेल? कुठेतरी कुणीतरी पहाटे तीन वाजता आधीच बिघडू पाहणारी गाडी ओळखून रांगेतून बाजूला काढली असेल. कुणी डांबराचा टँकर वेळेआधी मागवून ठेवला असेल. ती नावं मला माहीत नाहीत. तुम्हालाही नाहीत. मी मंत्र्यांना दोष देत नाहीये बरं का! त्यांच्या पदावरून ७२० जणांचं काम दिसणं शक्य नाही, आणि त्यांनी सर्वांचं मिळून अभिनंदन करणं अगदी योग्यच आहे. माझा मुद्दा हा की नावं घेण्याचं काम वरच्या माणसाचं नसतंच. ते त्याच्या तीन-चार पायऱ्या खाली, ज्याच्या बुटाला डांबर लागलेलं असतं, त्या मॅनेजरचं असतं. त्याने लिहिलं नाही, तर वरचा माणूस कितीही मोठ्या मनाचा असला, तरी त्याच्याकडे ‘सर्व कामगार बंधू’ यापलीकडे शब्द नसतात.

काही मित्र म्हणतील, “एवढं काय त्या मेलचं? त्यापेक्षा पैसे वाढवा.” बरोबर आहे. मेल हा ओव्हरटाइमच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही. आमच्या साइटवर रात्री लाइन उघडणाऱ्या फिटरला त्या रात्रीचे पैसे मिळाले होते, म्हणून तो मेल ऐकताना हसत होता. पैसे थकवून वर असा मेल टाकला असता, तर तो चेष्टा वाटला असता. पण उलट बाजूही आहे. बोनस सगळ्यांना सारखा वाटला जातो. कोणी काय वाचवलं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

दुसरी एक शंका माझ्या रूममेटने काढली, आणि तिच्यात तथ्य आहे. ती म्हणाली, “नावं घेतली की ज्यांची राहतात ते दुखावतात. त्यापेक्षा सगळ्यांचे आभार मानलेले बरे.” हे मी स्वतः भोगलंय, त्यामुळे मी हसण्यावारी नेणार नाही. तरी माझं मत वेगळं आहे. नाव राहिलं तर ती चूक दिसते, आणि दिसते म्हणून दुसऱ्या मेलने दुरुस्त होते. ‘एन्टायर टीम’ लिहिलं की सगळ्यांचीच नावं राहतात आणि कुणालाच तक्रार करता येत नाही. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते टिप्परवाले काका इतरांइतकेच गायब होते. फरक एवढाच की मला ते कधी कळलंच नसतं.

मात्र नावं गळू नयेत म्हणून काय करायचं, ते आता मला कळलंय. मेल लिहायच्या आधी टीममधल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: “तुझं काम कुणामुळे अडलं नाही?” स्वतःबद्दल कुणी नीट बोलत नाही, पण दुसऱ्याबद्दल लोक पटकन सांगतात. मी ड्रायव्हरला हा प्रश्न आधी विचारला असता, तर फोनची गोष्ट मला सहा तारखेलाच कळली असती. जे नाव तीन वेगवेगळ्या तोंडांतून येतं आणि डायरीत कुठेच नसतं, ते तुमचं राहिलेलं नाव.

आणि ‘रात्रंदिवस मेहनत’ हे शब्द शक्यतो टाळायचे. त्याने फक्त जागरण मोजलं जातं. आमचे लॅबवाले काका रोज सहाला घरी जायचे आणि तरी सहा किलोमीटर रस्ता त्यांच्या थर्मामीटरने वाचवला.

असो. लेख संपवताना आपल्या घरात डोकावते. आपल्या टेक फेस्टनंतर नोटीस बोर्डवर जो आभाराचा कागद लागला होता, तो मी परवा पुन्हा वाचला. मान्यवर, प्रायोजक, समिती आणि शेवटी ‘ज्ञात-अज्ञात सर्व हात’. त्यातले अज्ञात कोण हो? आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये थ्री-फेजच्या बोर्डाला हात लावून “हा गरम होऊन राह्यला, यावर अजून लोड टाकू नका” म्हणून सांगणारे अटेंडंट काका अज्ञात आहेत? आम्ही चिडलो होतो त्यांच्यावर, दोन स्टॉल दुसऱ्या खोलीत हलवावे लागले म्हणून. दोन्ही दिवस लाइट गेली नाही, कुठे काही जळालं नाही. काही झालंच नाही, म्हणून त्यांचं नाव आलं नाही.

तो कागद ड्राफ्ट करणाऱ्या समितीत मीही होते. नवा कागद मी लिहून ठेवला आहे, फक्त आणखी दोघा-तिघांना विचारायचं राहिलंय. सोमवारी लावते.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)